उलटी धुवायची जीन्स

माझ्या धाकट्या दिराकडे एक जीन्स होती. गर्द निळी, सावलीत पाहिली तर काळीच वाटावी अशी. ती भाऊजी फक्त मुलगी पाहायला जाताना घालत. एरवी ती आतल्या खोलीतल्या कपाटात घडी घालून असे आणि कपाट कुणी उघडलं की भाऊजींचं अर्धं लक्ष तिकडे असे. आमच्याकडे जीन्सला जीन पँट म्हणतात. सासूबाई तर नुसतं 'त्याची पँट' म्हणत आणि घरात सगळ्यांना कळे, कोणती ते.

आमचं गाव मोताळा तालुक्यातलं. घरात तेव्हा आम्ही चौघं मोठी माणसं: सासूबाई, माझे यजमान, मी आणि हे भाऊजी. कापूस आणि सोयाबीन, विहिरीला बऱ्यापैकी पाणी, घर स्लॅबचं. खाऊनपिऊन सुखी म्हणतात तसं. भाऊजी स्वभावाने गरीब, दिसायला उंच, व्यसन कशाचं नाही. फक्त शेती करतात. हे 'फक्त' लोकांनी लावलेलं. मुलीचे बाप घरी येत, चहा घेत, शेतापर्यंत जाऊन येत, कपाशीचं कौतुक करत आणि मग मध्यस्थाच्या तोंडून निरोप येई की मुलीला सध्या करायचं नाही. दोन महिन्यांनी तिचंच लग्न एखाद्या पुण्याच्या कंपनीतल्या मुलाशी ठरल्याचं कळे.  भाऊजी त्या दिवशी जेवत कमी, इतकंच.

एकदा मात्र, ही जीन्स यायच्या आधी, मध्यस्थाने कारण सांगितलं. ते गृहस्थ नात्यातलेच, जिभेला हाड नसलेले. ओट्यावर बसून म्हणाले, "पोट्टा चांगला आहे हो, पण त्याची पँट पाहिली का तुमी? गुडघ्यावर पार विटेल आहे. लोकाइले वाटते, वावरातूनच उठून आला."

मला संताप आला. नकार शेतीपायी होता हे त्यांनाही ठाऊक होतं. पण भाऊजींनी ते वाक्य अगदी मनावर घेतलं. का घेतलं ते मला नंतर कळलं. शेती बदलणं त्यांच्या हातात नव्हतं. पँट बदलणं होतं.

माझं माहेर खामगावचं, भावाचं रेडिमेड कपड्यांचं दुकान. भाऊजी तिथे गेले. त्यांच्या मापाची जीन्स मिळणं म्हणजे कर्मकठीण: कमरेला बसली तर घोट्याच्या वर, आणि उंचीला पुरली तर कमरेत दुसरा माणूस मावेल. दुकानातल्या सगळ्या ढिगातून एकच नग असा निघाला की जणू यांच्यासाठीच शिवला होता. तसा दुसरा भावाला पुढे कधी मिळाला नाही. घरी येऊन त्यांनी ती घातली, पांढरा शर्ट खोचला आणि मला विचारलं, "वयनी, बरा दिसतो का?"

बरे कसले, छान दिसत होते. मी तसं सांगितलं. सासूबाईंनी बोटं मोडून दृष्ट काढली.

भावाने मला फोनवर बजावलं, "ताई, तिला जप. गर्द रंग आहे, चार धुण्यांत जाईल. उलटी करून धू, गार पाण्यात, आणि ड्रायरमध्ये जास्त फिरवू नको." मी म्हटलं, इतकी नाजूक आहे तर विकता कशाला? तेव्हा त्याने समजावलं. जीन्सचं निळं सूत आतपर्यंत निळं नसतंच. रंग वरवर बसलेला असतो, आतला गाभा पांढरा. घासलं की वरचा रंग निघतो आणि आतलं पांढरं दिसायला लागतं. म्हणून धुताना चांगली बाजू आत ठेवायची, म्हणजे जी काही घासाघीस व्हायची ती उलट्या बाजूची होईल. गरम पाण्याने रंग लवकर सुटतो, म्हणून गार. मला पटलं. आम्ही कापूस पिकवणारी माणसं. सुताच्या पोटात पांढरंच असणार, हे आम्हाला वेगळं सांगावं लागत नाही.

शेजारच्या काकूंनी मिठाच्या पाण्यात भिजवायला सांगितलं. भाऊ म्हणाला, काही उपयोग नाही, रंग जो बसायचा तो गिरणीतच बसला.

मी घरात जाहीर केलं की या पँटला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. मला राग लवकर येतो आणि लवकर जातो, असं माझं म्हणणं आहे. यातलं पहिलं अर्धं घरातल्या सगळ्यांना मान्य आहे. त्यामुळे कुणी वाद घातला नाही.

पहिल्यांदा धुताना भाऊजी स्वतः मशीनपाशी येऊन उभे राहिले. आमचं मशीन दोन डब्यांचं, एकात धुवायचं आणि दुसऱ्यात पिळायचं. या दुसऱ्याला आम्ही ड्रायर म्हणतो, वाळवत तो काहीच नाही. मी पाणी सोडत होते. म्हटलं, "भाऊजी, उलटी करून टाका." त्यांनी पँट हातात घेतली, विचार केला आणि कंबर खाली, पाय वर अशी डब्यात सोडली.

"हे काय?"

"उलटी."

"आवो, आतली बाजू भायेर काढून. उलटी म्हणजे तशी उलटी."

"मंग तसं सांगा नं," ते म्हणाले. त्यांचं चुकलं नव्हतं. आपल्या भाषेत डोक्यावर उभं राहणंही उलटं आणि सदरा आतून बाहेर घालणंही उलटंच. मी चेन लावली, बटण लावलं, दोन्ही पाय आतून हात घालून ओढले. पाण्यात थोडा पातळ साबण टाकला, कारण आमच्या बोअरच्या जड पाण्यात पावडर नीट विरघळत नाही आणि गर्द कपड्यावर पांढरे ओघळ ठेवते. तरी पहिल्या पाण्याला नीळ घातल्यासारखा रंग आला. भाऊजींचा चेहरा पडला. "गेला का सारा?" मी म्हटलं, पहिल्यांदा जास्तीचा रंग निघतोच, घाबरू नका.

ती पँट घालून ते नांदुऱ्याकडे एक मुलगी पाहून आले, मग बीबीला एक, मग बुलडाण्यात एक. प्रत्येक वेळी आल्यावर मी पँट वाऱ्यावर टाके. माझं म्हणणं होतं, दोन तास घातलेली पँट धुवायची गरज नाही, कमी धुवाल तितकी टिकेल. सासूबाईंना ते पटत नसे. जिथून नकार आला तिथल्या घरची धूळ कपाटात कशाला ठेवायची? मग मी एकाआड एक धुण्यावर तडजोड केली.

उन्हाळा लागला आणि पँट उतरायला लागली.

मला कळेना. उलटी करत होते, गरम पाणी मशीनला लावायची सोयच नव्हती, ब्रश तर मी मोरीतून काढूनच ठेवला होता. तरी मांड्यांवरचा काळेपणा जाऊन मातकट निळा दिसायला लागला. एके दुपारी मी धुवायला घेतलं आणि नळाखाली हात धरला तर चटका बसला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आमची टाकी गच्चीवर, काळी, दिवसभर उन्हात. वैशाखात तिच्यातलं पाणी अंघोळीला काढलं तर त्यात बादलीभर साधं पाणी मिसळावं लागतं. मशीनचा गार पाण्याचा नळ म्हणून मी ज्यावर भरवसा ठेवला होता तो माझ्या पँटला उकळी देत होता. इतकी वर्षं या घरात राहून मला हे सुचू नये याचा मला स्वतःचाच राग आला, आणि स्वतःवर ओरडता येत नाही म्हणून मी यजमानांवर ओरडले की टाकीवर सावली का करत नाही.

तेव्हापासून मी आदल्या संध्याकाळी दोन बादल्या भरून मोरीत झाकून ठेवायला लागले. पहाटेपर्यंत पाणी गार होई. उन्हं वर यायच्या आत मी जीन्स त्या पाण्यात धुऊन काढी.

तरी मांडीवर पांढऱ्या रेघा उमटल्या. सुरकुत्यांच्या रेघा, कुणी खडूने ओढाव्या तशा. हे ड्रायरचं काम, हे मी ओळखलं. मी सकाळी चुलीपाशी असताना कपडे पिळायचं काम यजमानांकडे असे. घरकामातलं त्यांचं एवढंच, आणि तेही बटण फिरवायचं असतं म्हणून. मी लपून पाहिलं तर त्यांनी पँट कोंबली, झाकण लावलं आणि बटण शेवटपर्यंत, पाच मिनिटांवर नेलं.

"इतकं कायले?"

"चांगली पिळली का लवकर वाळते."

"आन् जितक्या घड्या पडल्या तितक्या पक्क्या होते. मंग त्या घड्याच घासल्या जाते आन् पांढऱ्या होते. एक मिनिट बस."

"एका मिनटानं काय होते? पाणी गळत राहीन."

"गळू द्या थोडं."

मी त्यांना करून दाखवलं. पँट कोंबायची नाही, डब्याच्या कडेने गोल बसवायची, आणि एकटी टाकली तर वजन एका बाजूला जाऊन डबा धडधडतो, म्हणून समोरच्या बाजूला एक काळा टॉवेल. वर जाळी ठेवायची. एक मिनिट, मग लगेच काढून जोरात झटकायची आणि शिवणी ओढून सरळ करायच्या. न पिळता टाकली तरी चालत नाही, भिजलेली जीन्स चिखलातल्या बैलासारखी जड होते, दिवसभर गळते आणि कुबट वास धरते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एवढं तं मी कपाशीच्या फवारणीचं बी नाही ऐकलं कोणाचं." पण पुढे बटण एकवरच ठेवू लागले. गुणी माणूस आहे, सांगितलं तर करतो. सांगायला लागतं, हीच काय ती तक्रार.

आता तरी थांबेल असं मला वाटलं. रेघा थांबल्या. रंग उतरायचा थांबला नाही. आणि तो उतरत होता फक्त पुढून. मागची बाजू दुकानातून आणल्यासारखी, पुढची मात्र विटत चाललेली. ऊन लागल्याशिवाय असं होत नाही. पण मी तर उलटी वाळत घालत होते, तेही गच्चीवरच्या टाकीच्या सावलीत. मी भावाला फोन करून माल खराब दिल्याबद्दल सुनावलं. तो बिचारा ऐकून घेत राहिला.

पावसाळा सरला होता, सोयाबीनची सोंगणी चालू होती. मी सकाळी जीन्स धुऊन वाळत घातली आणि शेतात गेले. तिथे गेल्यावर कळलं की विळे घरीच राहिले. परत आले तर खाली कुणी नाही. वर गच्चीवर चाहूल लागली. मी जिना चढले तर सासूबाई भर उन्हात उभ्या होत्या. टाकीच्या सावलीतली पँट त्यांनी काढली होती, सुलटी केली होती, आणि मधल्या दोरीवर, जिथे ऊन सगळ्यात कडक, तिथे पसरून तिच्या पुढच्या बाजूवरून हात फिरवत होत्या. झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

मी पायरीवरच उभी राहिले. मग माझा रागावरचा ताबा सुटला.

"आत्याबाई, हे तुमी रोज करता?"

त्या दचकल्या नाहीत. "रोज कुठं. धुतली का करतो. तू वावरातून याच्या आंधी मी पुन्हा उलटी करून ठेवतो."

"काऊन पण?"

"लग्नाच्या पोराचं कापड उलटं टांगू नये. आलेलं स्थळ उलट्या पायानं जाते. आमच्या इकडं असंच म्हणते."

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. पहाटेच्या बादल्या, ड्रायरचं मिनिट, भावाला दिलेल्या शिव्या, सगळं काढलं. म्हटलं, तुमच्यापायी पँट विटली, आणि विटकी पँट पाहून लोक नाही म्हणतात, मग उलट्या पायाने स्थळ कोण घालवतं? आवाज खाली रस्त्यापर्यंत गेला असणार. सासूबाईंनी माझं पुरतं होऊ दिलं. मग पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "तू रंग पाह्यतं बाई. मी त्याचं नशीब पाह्यतो. तुले का वाटते, मले समजत नाही पँट उतरून राह्यली? पण पँट गेली तं दुसरी येईन. यंदा बी तो तसाच राह्यला तं?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझा राग होता तिथेच राहिला, फक्त तो टाकायला आता जागा उरली नाही. या बाईला मी मनापासून मानते. माझ्या दोन्ही बाळंतपणांत तिने मला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नव्हतं. पण हरायचं कसं हेही मला येत नाही. मी खाली आले आणि विळ्यांसाठी माझ्यामागून येऊन ओट्यावर बसलेल्या भाऊजींना सांगितलं, "उद्यापासून तुमची पँट तुमी धुवा. तुमच्या मायशी तुमीच पाहून घ्या."

त्यांनी वरचं सगळं ऐकलं होतं. "हाव," ते म्हणाले.

मला वाटलं, दोनदा धुतील आणि परत माझ्याकडे आणतील. नाही आणली. पँटसोबत शर्ट आला, मग बनियन-टॉवेल, मग शेतातले कपडेही ते वेगळे काढून धुवायला लागले, कारण शेतातला चिखल जीन्सच्या पाण्यात नको. सासूबाईंना हे बघवेना. "पोट्ट्यानं धुणं धुवाव, लोकाइनं काय म्हणाव?" भाऊजी म्हणत, "माय, लोक आता बी कुठं गप हायेत?" वाळवण्याचा तंटा त्यांनी असा सोडवला की माझं मन भरून आलं. कापूस भरायच्या खोलीत आडवा बांबू होता. खोली हवेशीर, ऊन येत नाही, आणि बाहेरून दिसत नाही. त्यांनी आईला म्हटलं, "माय, येणाऱ्या स्थळाले गच्चीवरची दोरी दिसते. खोलीतलं कसं दिसन?" सासूबाईंनी यावर बराच विचार केला आणि तोड मान्य केली. उलटी पँट तिथे वाळू लागली. उतरलेला रंग काही परत आला नाही, पण पुढे उतरायचा थांबला.

दिवाळीनंतर पिंपळगाव राजाचं स्थळ आलं. मुलगी पदवीधर, खामगावला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. भाऊजी म्हणाले, तीच पँट घालतो. मी म्हटलं, विटली आहे ना. ते म्हणाले, "जशी आहे तशी. निदान मी धुतेल आहे."

मुलीच्या घरी पोहे झाले, चहा झाला. मुलीच्या वडिलांनी विहिरीचं पाणी विचारलं, यजमानांनी सांगितलं. मग त्यांनीच म्हटलं, मुलामुलीला दोन शब्द बोलू द्या. वर गच्चीवर दोन खुर्च्या टाकल्या होत्या. सोबत म्हणून मला जिन्याच्या वरच्या पायरीवर बसवलं. त्यांची माझ्याकडे पाठ होती, पण कान माझे शाबूत होते.

 मग मुलगी म्हणाली, "मी नोकरी करते हे सांगतलं असन तुमाले. पुढं बी करणार आहे. घरी तुमी काय काम करता?"

"शेतीचं सारंच."

"शेतीचं नाही. घरातलं."

 मी मनात म्हटलं, सांगा, ट्रॅक्टर दुरुस्त करता, मोटर बसवता, वायरिंग येतं. भाऊजी खाली पाहत राहिले. नजर स्वतःच्या गुडघ्यावर गेली असावी. म्हणाले, "माहे कपडे मीच धुतो."

"मशीनमंधी?"

"हाव. पण पाणी मी बादलीतलं घेतो."

"काऊन?"

आणि मग ते बोलायला लागले. घरात सहा महिन्यांत जेवढे बोलत नाहीत तेवढे बोलले. टाकीचं पाणी कसं तापतं, जीन्सचा रंग कसा वरवरच बसतो, उलटी म्हणजे कशी उलटी, हेही हातांनी करून दाखवलं. मी कपाळाला हात लावला. मुलीने मधेच विचारलं, "आन् ड्रायर?"

"एक मिनिट. संग काळा टॉवेल टाका लागते, नाही तं धडधडते."

"तरी तुमची पुढून उतरेल आहे."

मी डोळे मिटून घेतले. भाऊजी म्हणाले, "हाव. ते माह्या मायनं उन्हात सुलटी केली. तिले वाटे, उलटी टांगली तं माहं लग्न होणार नाही."

मुलगी हसली नाही. "मंग तुमी मायले काय म्हटलं?"

"काही नाही म्हटलं. आता खोलीत वाळू घालतो, तिले बी चालते."

परतताना गाडीत ते खिडकीकडे तोंड करून बसले. मोताळ्याच्या अलीकडे मला म्हणाले, "वयनी, लोक नोकरी सांगते, फ्लॅट सांगते. म्या पँट धुवाचं सांगतलं." मी त्यांची समजूत घालत राहिले. पाठच्या भावासारखा तो माणूस. त्याचं असं वाईट वाटणं मला सोसत नव्हतं.

निरोप यायला वेळ लागला. सासूबाई फोन वाजला की हातातलं टाकून येत. शेवटी एका संध्याकाळी मुलीच्या वडिलांचाच फोन आला, यजमानांना. ते 'हाव, हाव' करत ओट्यावरून अंगणात, अंगणातून रस्त्यापर्यंत गेले. परत आले तेव्हा तोंडावर हसू मावत नव्हतं. मुलीने होकार दिला होता. बापाने कारण विचारलं तर म्हणाली होती, आतापर्यंत जेवढे आले त्यांना मी हेच विचारलं. कुणी म्हणे मदत करतो, कुणी म्हणे करीन. कसं करतात हे याच एकाला सांगता आलं.

भाऊजी उठून गोठ्याकडे निघून गेले. तिथे ते रडले असं मला वाटतं, मी पाहायला गेले नाही. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली, आणि मग हळूच मला म्हणाल्या, "धुणं धुते म्हणून पसंत केला माह्या लेकाले." त्यांना त्यात आनंद होता की कमीपणा, हे त्यांनाच ठरवता येत नव्हतं. मी त्यांना जवळ घेतलं. मला त्या मुलीचा हेवा वाटत होता. ती अजून घरात आलीही नव्हती, आणि तिच्यावर माझी माया बसली होती आणि हेवाही वाटत होता, दोन्ही एकाच वेळी.

यजमान चहा घेत बसले होते. खुशीत होते. म्हणाले, "लय हुशार पोरगी आहे. तू काऊन नव्हतं विचारलं मले, तवा? आपल्याले बी तं गच्चीवर बसवलं होतं."

"विचारलं असतं तं काय सांगतलं असतं?"

ते थट्टेनेच काही तरी म्हणणार होते. मग त्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"धुतो म्हणून सांगतलं असतं," ते म्हणाले. "खोटं."

"आन् मी ते खरं मानलं असतं," मी म्हटलं. "खरं सांगतलं असतं तरी हो म्हटलं असतं. मले तवा माहीतच नव्हतं, का असं काही विचारता येते."